टाके भरले, तळ सावरला का?

बाळ सात आठवड्यांचं झालं, तेव्हा त्याला आईकडे सोपवून ती पहाटे कोथरूडच्या रस्त्यावर पळायला निघाली. वय एकतीस, बँकेत नोकरी, गरोदर राहण्याआधी आठवड्यातून तीनदा दहा किलोमीटर पळणारी. प्रसूती नैसर्गिक झाली होती, थोडे टाके पडले होते. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांनी टाके पाहिले, सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तिनं त्याचा अर्थ ‘आता पळायला हरकत नाही’ असा घेतला. किलोमीटरभर गेल्यावर लघवी गळायला लागली. घाबरून ती घरी आली, आणि संध्याकाळी बाळाला घेऊन उभी असताना खाली काहीतरी ओढल्यासारखं, जड वाटू लागलं. पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि ही कहाणी मी वेगवेगळ्या तोंडून बऱ्याचदा ऐकली आहे.

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. सहाव्या आठवड्याला जखम भरली का, गर्भाशय पूर्वस्थितीला आलं का, रक्तस्राव थांबला का, हे पाहतात. पळताना शरीरावर जो भार येतो तो आतले स्नायू पेलतील का, हा प्रश्न बहुधा तिथे कोणी विचारत नाही.

पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड आणि दोन बाजूंना बसण्याची हाडं. यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. तिला श्रोणितळ म्हणतात, दवाखान्यात मात्र सगळे पेल्व्हिक फ्लोअरच म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर विसावलेले असतात. बाळाचं डोकं बाहेर येताना तिच्या आतल्या कडेचा भाग मूळ लांबीच्या जवळजवळ तिप्पट ताणला जातो, असं संगणकावरच्या प्रतिकृतींतून दिसलं आहे. पायाचा किंवा दंडाचा कुठलाही स्नायू एवढा ताणला तर फाटेल. इथे तो बहुतेकींचा परत येतो, पण सावकाश. ही जागा पुरेशी आवळून यायला साधारण चार ते सहा महिने लागतात.

सिझर झालेल्या बायकांना वाटतं, आपला या सगळ्याशी संबंध नाही. तसं नसतं. नऊ महिने बाळाचं ओझं त्याच झोळीनं पेललेलं असतं, शिवाय पोटाच्या भिंतीवर चीर असते. सहा आठवड्यांनी त्या भिंतीच्या जाड पडद्यात मूळ ताकदीच्या जेमतेम निम्मी ताकद आलेली असते. सहा-सात महिन्यांनीसुद्धा ती पूर्ण आलेली असेलच असं नाही. वरचा व्रण छान दिसतो म्हणून आतलं शिवण तितकंच पक्कं समजू नये.

आता पळण्याचा हिशेब पाहा. चालताना एक पाऊल कायम जमिनीवर असतं. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि प्रत्येक वेळी एकाच पायावर उतरावं लागतं. त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या साधारण दीड ते अडीच पट भार येतो. साठ किलोची बाई वीस मिनिटं हळू पळली तरी तीन हजारांवर वेळा अशी उतरते. दर वेळी पोटातला दाब खाली येतो आणि झोळीनं तो आपोआप झेलायचा असतो. झोळी दमली की आधी थेंब गळतात, नाहीतर संध्याकाळी जडपणा येतो. जडपणा वाढत गेला, योनीत गोळा लागल्यासारखा वाटला, तर ती अंग बाहेर येण्याची सुरुवात असू शकते. ते अंगावर काढू नये.

२०१९ मध्ये टॉम गूम, ग्रोनिया डॉनेली आणि एमा ब्रॉकवेल या ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनी प्रसूतीनंतर पळण्याकडे परतण्याबद्दल एक मार्गदर्शिका लिहिली. पळणं तीन महिन्यांच्या आधी नको, आणि तीन महिने झाल्यावरही चाचण्या पार केल्याशिवाय नको, हा तिचा गाभा. त्यातलं बरंचसं अनुभवी मंडळींच्या मतावर आधारलेलं आहे, मोठ्या प्रयोगांवर नाही. तरी मी तीच वापरते, कारण ती तारखेपेक्षा लक्षणांकडे पाहायला लावते.

माझ्याकडे आल्यावर तिचं पहिलं काम होतं हा स्नायू ओळखणं. मी तिला म्हटलं, “वारा अडवायचाय आणि त्याच वेळी लघवीही रोखायचीय, असं समजून मागून पुढे आणि मग वर उचलून बघा.” तिनं श्वास कोंडला, नितंब घट्ट केले आणि पोट फुगवलं. तपासल्यावर दिसलं की ती स्नायू वर उचलत नव्हती, उलट खाली ढकलत होती. तीन आठवडे ती घरी हाच ‘व्यायाम’ करत होती! अशी ढकलणारी ती एकटी नाही. घरी पाहायचं असेल तर आडवं पडून हातात आरसा धरा. दोन टाक्यांच्या वाटांमधली, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत ओढली गेली तर बरोबर, बाहेर फुगली तर चूक. श्वास सोडताना उचला, मांड्या आणि नितंब सैल ठेवा. लघवी चालू असताना मध्येच थांबवून याचा सराव मात्र करू नका, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होण्यात अडथळा येतो.

सैल सोडणं उचलण्याइतकंच महत्त्वाचं. काहींचा हा स्नायू कमजोर नसतो, कायम आवळलेला असतो. टाके दुखतात म्हणून, भीती वाटते म्हणून. त्यांना संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. त्यांनी रोज शंभर वेळा आवळलं तर त्रास वाढतो. म्हणून एकदा तरी जाणकार व्यक्तीकडून आतली तपासणी करून घ्यावी, असं मी आग्रहानं सांगते.

पोट बांधण्याबद्दल तिच्या सासूबाईंनी विचारलं. पट्ट्यानं आधार वाटतो, कंबरेला बरं वाटतं, हे खरं. पण तो स्नायूचं काम शिकवत नाही, आणि फार आवळला तर पोटातला दाब खालीच जातो. सैलसर बांधा, पट्टा बांधून पळू नका, एवढंच मी म्हटलं.

पुढचे चार आठवडे ती फक्त चालली. दहा मिनिटांपासून सुरुवात करून तीस मिनिटांपर्यंत. सोबत श्रोणितळाचा सराव आधी आडवं पडून, मग बसून, मग उभं राहून: दहा वेळा झटपट उचलून सोडणं, आणि सहा ते आठ सेकंद धरून ठेवणं, आठ-दहा वेळा. खोकला, शिंक किंवा बाळाला उचलणं, यांच्या आधी क्षणभर तळ उचलायची सवय तिला लागली. पायांसाठी टाचा उचलणं, आडवं पडून कंबर उचलणं आणि खुर्चीवरून एका पायावर उठणं.

बाराव्या आठवड्याला चाचणी घेतली. अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद तोल, एका पायावर दहा अर्ध्या बैठका, जागच्या जागी मिनिटभर धावणं, हे सगळं जमलं. एका पायावर दहा उड्या मारताना डाव्या पायाच्या सहाव्या उडीला लघवीचा थेंब आला. डावी टाच बारा वेळाच उचलली गेली, अपेक्षा वीसची होती. म्हणजे फक्त तळ नाही, पोटरीसुद्धा कमी पडत होती. पोटरीनं झेलायचा धक्का वर जात होता. आम्ही आणखी तीन आठवडे थांबलो. ती नाराज झाली, पण थांबली.

पंधराव्या आठवड्याला पळणं सुरू झालं: एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. चोवीस मिनिटांत पळणं आठच मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. वेग इतकाच की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता यावं. निघण्याआधी बाळाला पाजायचं आणि लघवीला जाऊन यायचं. प्रत्येक वेळी चोवीस तास वाट पाहायची: थेंब, जडपणा, दुखणं, पुन्हा रक्त जाणं, यांतलं काही नसेल तर तीच पायरी पुन्हा. दोन आठवडे लक्षणमुक्त गेले की दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी पळण्याची मिनिटं, मग सलग अंतर, चढ-उतार आणि वेग सगळ्यांत शेवटी.

एकोणिसाव्या आठवड्यात तिनं हा नियम मोडला. मैत्रिणी वेताळ टेकडीवर निघाल्या होत्या. तिनं त्याच दिवशी मिनिटंही वाढवली आणि उतारही धरला. उतारावर पाऊल जास्त जोरात पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच जडपणा आला. पळणं बंद करायची गरज नव्हती. लक्षणं जाईपर्यंत चालणं, मग आधीच्या त्रास न झालेल्या पायरीवर एक आठवडा. बाळ सात महिन्यांचं झालं तेव्हा ती सपाट रस्त्यावर तीस मिनिटं सलग पळाली, साधारण चार किलोमीटर. जुन्या दहापेक्षा हे खूप कमी, पण कपडे कोरडे होते.

एक गोष्ट हाडांची. पॉला रॅडक्लिफ ही मॅरेथॉनमधली दिग्गज धावपटू. तिला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली, ती फार लवकर पळायला लागली आणि कंबरेखालच्या त्रिकास्थीला ताणानं बारीक भेग पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिनं न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. अंगावर पाजत असताना हाडांतलं कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं, दुधासाठी रोज साधारण ५०० उष्मांक जास्त लागतात, झोप तुटलेली असते. वजन लवकर उतरावं म्हणून जेवण कमी करून पळणारी बाई नेमक्या त्याच भेगेच्या वाटेवर असते. कंबरेच्या किंवा जांघेच्या एकाच जागी दुखतं, पळताना वाढतं, रात्रीही ठणकतं, तर पळणं थांबवून हाडांचा फोटो काढून घ्या. आणि साध्या फोटोत सुरुवातीची भेग दिसत नाही, हेही डॉक्टरांना विचारा.

सव्वा महिन्याच्या तपासणीला जाल तेव्हा एक प्रश्न सोबत न्या: “मला पळायचंय, माझ्या श्रोणितळाची तपासणी कुठे होईल?” लघवी गळत असेल तर तेही सांगा. बाळंतपणानंतर असं होतंच, असं उत्तर मिळालं तर तिथे थांबू नका. असं बऱ्याचजणींना होतं, पण ते उपचार करण्याजोगं असतं.