‘मिनिस्टर टू व्हिजिट’ : मथळ्यातून गळलेले क्रियापद

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ इंग्रजी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्याकडे आले. मथळा होता : ‘पेन्शन टू बी रिव्हाइज्ड’. म्हणाले, “सर, पेन्शन वाढलं ना?” त्याच भरवशावर ते घरदुरुस्तीचं कर्ज काढायला निघाले होते. आम्ही म्हटलं, “जरा थांबा. आधी या मथळ्याचं पूर्ण वाक्य करू.” आज तेच करायचे आहे.

साधे उदाहरण घेऊ : ‘मिनिस्टर टू व्हिजिट फ्लड-हिट व्हिलेजेस ऑन मंडे’. यात काय गळले आहे? आपल्या मराठी मथळ्याकडे बघा, म्हणजे लगेच कळेल. ‘मंत्री सोमवारी पूरग्रस्त गावांना भेट देणार’. आपण ‘आहेत’ गाळतो आणि ‘देणार’ ठेवतो. इंग्रजी मथळा ‘इज’ गाळतो आणि ‘टू व्हिजिट’ ठेवतो. दोन्हीकडे भविष्य सांगणारा तुकडा राहतो, कर्त्याशी जुळणारे सहायक क्रियापद जाते.

म्हणून पूर्ण वाक्य करताना पहिला प्रश्न : कर्ता एक की अनेक? मिनिस्टर एकच, म्हणून ‘इज’. मिनिस्टर्स असते तर ‘आर’. मंत्र्याला आपण आदराने ‘आहेत’ म्हणतो, पण इंग्रजीत आदराचे अनेकवचन नाही. तिथे ‘आर’ घालू नये. मग गाळलेली ‘द’सारखी उपपदे परत आणायची : ‘द मिनिस्टर इज टू व्हिजिट द फ्लड-हिट व्हिलेजेस ऑन मंडे’. ‘टू’नंतरचे क्रियापद मूळ रूपातच राहते; ‘टू व्हिजिट्स’ नाही, ‘टू व्हिजिटेड’ही नाही. ‘इज टू’ऐवजी ‘विल’ वापरले तर ‘टू’ काढावा लागतो : ‘द मिनिस्टर विल व्हिजिट’. ‘विल टू व्हिजिट’ ही चूक आम्ही उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे पाहिली.

आता कुणी म्हणेल, ‘इज टू’ काय नि ‘विल’ काय, दोन्ही भविष्यच ना? थोडा फरक आहे. अ‍ॅरिस्टॉटलने विचारले होते : ‘उद्या समुद्रावर लढाई होईल’ हे वाक्य आज खरे की खोटे? ‘विल व्हिजिट’ची अडचण तीच आहे. ते उद्याबद्दल बोलते, आणि उद्या अजून आलेला नाही. ‘इज टू व्हिजिट’ मात्र आजबद्दल बोलते : दौरा आज ठरलेला आहे. सोमवारी पाऊस पडून दौरा रद्द झाला, तरी ‘ठरला होता’ हे खोटे ठरत नाही. मग वाक्य होते ‘द मिनिस्टर वॉज टू व्हिजिट’, म्हणजे ‘भेट देणार होते’. त्यातला ‘पण’ न बोलता ऐकू येतो, नाही का?

यातूनच एक मर्यादा निघते. जे कुणीतरी ठरवू शकते, तिथेच ‘इज टू’ नीट बसते. ‘हेवी रेन टू हिट कोकण’ असा मथळा आला, तर पावसाने काही ठरवलेले नाही. तिथे ‘हेवी रेन इज एक्स्पेक्टेड टू हिट कोकण’, म्हणजे ‘पडण्याची शक्यता आहे’, असा विस्तार करावा.

आणखी एक फसगत. प्रत्येक ‘टू’ भविष्याचा नसतो. ‘प्लॅन टू बिल्ड ब्रिज अँगर्स फार्मर्स’ घ्या. ‘टू’च्या आधी ‘इज’ घालून बघा : ‘प्लॅन इज टू बिल्ड’. पूल बांधणारी योजना नव्हे, माणसे. आणि पुढे ‘अँगर्स’ हे मुख्य क्रियापद आहेच. इथे ‘टू बिल्ड’ फक्त कसली योजना ते सांगते. वाक्य असे : ‘अ प्लॅन टू बिल्ड अ ब्रिज हॅज अँगर्ड फार्मर्स’. मथळ्यातला साधा वर्तमानकाळ बहुधा घडून गेलेली गोष्ट सांगतो, म्हणून ‘अँगर्स’चे ‘हॅज अँगर्ड’ झाले. तसेच ‘मिनिस्टर व्हिजिट्स’ म्हणजे मंत्री जाऊन आले. ‘मिनिस्टर टू व्हिजिट’ म्हणजे अजून जायचे आहेत.

आता ते कात्रण. ‘पेन्शन इज टू बी रिव्हाइज्ड’. ‘टू बी’ आणि पुढे ‘रिव्हाइज्ड’, म्हणजे कर्मणी प्रयोग : पेन्शनमध्ये फेरबदल केला जाणार आहे. कोण करणार, ते कर्मणीने झाकले. कधी, ते लिहिलेले नाही. ‘रिव्हाइज’ म्हणजे फेरविचार. त्यात वाढ आपण मनाने घातली. आम्ही दोघांनी मथळ्याखालची बातमी वाचली. त्यात इतकेच होते की, यासाठी एक समिती नेमली जाणार आहे. गृहस्थांनी कात्रण घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, “म्हणजे नेमली नाहीये अजून.” कर्जाचा अर्ज त्यांनी त्या दिवशी दिला नाही.