परवानगी एसीची नव्हे, भिंतीची

मार्च उजाडला की सोसायटीच्या ऑफिसात एकाच मजकुराचे अर्ज येऊ लागतात. ‘माझ्या फ्लॅटमध्ये एसी बसवायचा आहे, तरी परवानगी द्यावी, ही विनंती.’ अशा अर्जावर कमिटीने ठरवायचं तरी काय? खोलीच्या आत एसी लावणं हा घरमालकाचा प्रश्न. कमिटीचा संबंध येतो तो आउटडोअर युनिटशी, कारण ते बाहेरच्या भिंतीवर टांगलं जातं आणि ती भिंत संस्थेच्या देखभालीखाली असते. तिला ओल आली, गिलावा सुटला, तर खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून होतो. म्हणून पत्रात एसीपेक्षा भिंतीबद्दल जास्त लिहावं.

समजा, विटांच्या भिंतींची, तीस-पस्तीस वर्षांची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमला दीड टनाचा एसी लावायचा आहे. मेकॅनिक येतो, खिडकीतून डोकावतो आणि म्हणतो, ‘छज्ज्यावर ठेवून देतो, ब्रॅकेटचा खर्च वाचेल.’ इथे ठाम नाही म्हणावं. छज्जा पाऊस अडवण्यासाठी असतो. जुन्या इमारतीत त्याच्या आतल्या सळया बऱ्याचदा गंजलेल्या असतात. युनिटचं वजन तीस किलोच्या आसपास, त्यात कॉम्प्रेसरची थरथर आणि सर्व्हिसिंगला आलेला माणूस उभा राहणार तोही त्यावरच.

मग उरते भिंत. पण तीही सगळीकडे सारखी नसते. खिडकीच्या वर बीम असतो, कोपऱ्यात कॉलम. तांब्याच्या नळ्या बाहेर काढायला दोन-तीन इंचांचं भोक लागतं, आणि ते बीममध्ये पाडलं तर सळई कापली जाऊ शकते. जागा हवी ती मधल्या विटांच्या भागात. तिथेही आधी हातोडीने हलकेच ठोकून पाहावं. आवाज पोकळ आला, तर गिलावा विटेपासून सुटलेला आहे. बोल्टची पकड विटेत बसली पाहिजे, गिलाव्यात बसून उपयोग नाही. नव्या इमारतींत हलके, सच्छिद्र ब्लॉक असतात. त्यांत साधे फास्टनर कालांतराने ढिले पडतात. म्हणून आतून पट्टी देऊन बोल्ट आरपार घेतात.

एवढं पाहून झालं की पत्र आपोआप तयार होतं.

‘प्रति, मा. सचिव.
विषय: बाहेरील भिंतीवर एसीचे आउटडोअर युनिट बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदय,
मी सदनिका क्र. ३०२ चा सभासद आहे. बेडरूमच्या खिडकीच्या उजवीकडे, मागच्या गल्लीच्या बाजूला, दीड टनाच्या एसीचे आउटडोअर युनिट लोखंडी ब्रॅकेटवर बसवू इच्छितो. जागेचा फोटो खूण करून सोबत जोडला आहे. बीम, कॉलम किंवा छज्जा यांना हात लावला जाणार नाही. नळ्यांसाठी एकच भोक बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाडले जाईल व भोवतीची फट बुजवली जाईल. एसीचे पाणी पाइपने माझ्याच बाल्कनीच्या जाळीत सोडले जाईल. या कामामुळे भिंतीला गळती झाल्यास दुरुस्ती माझ्या खर्चाने करीन. इमारतीच्या दुरुस्तीच्या किंवा रंगकामाच्या वेळी युनिट स्वखर्चाने काढून देईन. तरी लेखी परवानगी द्यावी, ही विनंती.
आपला विश्वासू’

भोकाच्या उताराचं वाक्य वगळू नये. भोक आतल्या बाजूला कललेलं असलं, तर पावसाचं पाणी नळ्यांच्या कडेने सरळ खोलीत येतं. पहिल्याच पावसाळ्यात इनडोअर युनिटखाली पिवळट डाग उमटतो आणि लोक एसी गळतोय असं समजून मेकॅनिकला बोलावत राहतात. पाण्याचंही तसंच. कोकणपट्टीच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर, कधी जास्तही पाणी टाकतो. ते खालच्यांच्या ग्रिलवर रात्रभर टपटपत राहिलं की सकाळी तक्रार ठरलेलीच. खालच्या आणि समोरच्या घरांशी आधी बोलून घ्यावं. युनिटचा गरम झोत कुणाच्या खिडकीत जाणार असेल तर जागा बदलावी, असं मला मनापासून वाटतं, मग नियम काहीही म्हणो.

पत्राच्या दोन प्रती काढून एकीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. चेअरमन जिन्यात ‘बसवा हो’ म्हणाले, एवढ्यावर काम सुरू करू नये. कमिटी बदलली की त्या शब्दाला कुणी साक्षीदार राहत नाही. निर्णय सभेच्या इतिवृत्तात नोंदलेला असावा आणि उत्तर लेखी मिळावं.

कमिटीनेही नुसतं ‘मंजूर’ लिहून थांबू नये. कुठल्या बाजूला, कुठल्या उंचीवर हे एकदा ठरवून दिलं, तर पुढच्या अर्जदारालाही तीच ओळ धरता येते. ब्रॅकेट आणि बोल्ट दरवर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी तपासण्याची अट घालावी. समुद्राजवळ खारी हवा लोखंड लवकर खाते. बोल्टखाली भिंतीवर तांबूस ओघळ दिसू लागले, की ब्रॅकेट बदलण्याची वेळ झाली.