उसनी प्रतिपिंडे आणि लांबलेली लस

लेखमाला : लस आणि शरीर

जिवंत लस ही मृत लसीपेक्षा एका मूलभूत बाबतीत वेगळी असते, हे मागील लेखांकात स्पष्ट झाले. मृत लसीत रोगकारकाचे निर्जीव अंश पुरेशा प्रमाणात थेट टोचले जातात, तर जिवंत लसीत दुर्बल केलेला विषाणू अगदी थोड्या प्रमाणात असतो आणि तो शरीरात शिरल्यावर काही दिवस वाढला, तरच प्रतिकारसंस्थेला त्याची पुरती ओळख पटते. गोवराच्या लसीच्या एका मात्रेत संसर्गक्षम विषाणूंची किमान संख्या हजाराच्या घरात असते. प्रतिकारसंस्था जागी होण्यास ती अपुरी असते आणि ही उणीव विषाणूच्या वाढीनेच भरून निघते. ही वाढ सुरुवातीलाच रोखली गेली, तर लस टोचली जाऊनही तिचे कार्य घडत नाही. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या मुलाची गोवर व कांजिण्यांची लस कित्येक महिने पुढे ढकलली जाते, त्यामागे हेच कारण आहे.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे दात्यांच्या रक्तद्रवातून, अर्थात रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रव भागातून, वेगळी काढलेली प्रतिपिंडे होत. वैद्यकीय व्यवहारात यांनाच अँटिबॉडी म्हणतात. शिरेतून देण्याचे इम्युनोग्लोब्युलिन हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून तयार होते आणि बहुतेक प्रौढांना पूर्वी गोवर होऊन गेलेला असल्यामुळे किंवा त्याची लस मिळालेली असल्यामुळे त्या मिश्रणात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे हमखास असतात. रक्ताच्या पिशवीतही ती असतात, फक्त प्रमाण कमी असते. ही उसनी प्रतिपिंडे लसीतील विषाणूला चिकटतात, त्याला पेशीत शिरू देत नाहीत आणि मुलाच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींना तो दिसण्याआधीच त्याचा निकाल लावतात. आईकडून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडेही तान्ह्या बाळात असेच करतात. भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा जन्मतः न देता नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते, ती प्रामुख्याने यासाठीच.

थांबण्याचा काळ किती असावा, याचे उत्तर एकेकाळी सरसकट तीन महिने असे दिले जात असे. जास्त मात्रेचे इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्या मुलांत गोवर लसीला मिळणारा प्रतिसाद त्याहून बराच अधिक काळ दबलेला राहतो, असे पुढे आढळले. दर किलो वजनामागे 80 मिलिग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर हा अडथळा पाच महिन्यांपर्यंत दिसून आला. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने या निरीक्षणाला एका गृहीतकाची जोड दिली आणि त्यातून मात्रेनुसार बदलणारे कोष्टक तयार झाले. गृहीतक अर्धायुकालाचे आहे. बाहेरून आलेल्या प्रतिपिंडांचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ म्हणजे त्यांचा अर्धायुकाल. प्रत्यक्षात तो साधारणतः तीन ते चार आठवडे असतो. हिशेबासाठी मात्र तो 30 दिवसांचा धरला जातो.

हे कोष्टक पाहणाऱ्याला त्यातील तीन, सहा, आठ, अकरा महिने असे आकडे प्रथम मनमानी वाटतात. परंतु अर्धायुकालाचा हिशेब लावला की ते सगळे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. किलोमागे 80 मिलिग्रॅम ही मात्रा दर महिन्याला निम्मी होत गेली, तर पाच महिन्यांनी अडीच मिलिग्रॅम उरते आणि एवढ्यानेही अडथळा दिसला असल्यामुळे आणखी एक महिना धरून सहा महिन्यांचा काळ ठरतो. तेव्हा उरलेले प्रमाण सुमारे सव्वा मिलिग्रॅम असते. धनुर्वात प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिनच्या नेहमीच्या मात्रेतून किलोमागे सुमारे 10 मिलिग्रॅम प्रतिपिंडे मिळतात. ती तीन महिन्यांत त्याच सव्वा मिलिग्रॅमपर्यंत उतरतात आणि कोष्टकातही तीन महिनेच दिलेले आहेत. कुत्रा चावल्यावर दिल्या जाणाऱ्या, मानवी रक्तद्रवापासून बनवलेल्या रेबीज इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा साधारण दुप्पट भरते, म्हणून काळ चार महिने. सारांश, मात्रा दुप्पट झाली की प्रतीक्षा दुप्पट होत नाही, ती केवळ एका महिन्याने वाढते.

रक्ताच्या बाबतीत पिशवीत रक्तद्रव किती आहे, यावर सारे अवलंबून असते. लाल पेशी धुऊन दिल्या असतील, तर त्यांच्यासोबत जाणारी प्रतिपिंडे नगण्य असतात आणि थांबण्याची गरज राहत नाही. रक्तद्रव बहुतांशी काढून त्याऐवजी पोषक क्षारद्रावण घातलेल्या लाल पेशी किलोमागे 10 मिलिलीटर या प्रमाणात दिल्यास तीन महिने थांबावे लागते. असे द्रावण न घातलेल्या सांद्रित लाल पेशी, तसेच संपूर्ण रक्त, यांसाठी हा काळ सहा महिन्यांचा आहे. प्लाझ्मा किंवा प्लेटलेट दिल्यास, त्यांत रक्तद्रवच मुख्य असल्यामुळे, सात महिन्यांचा. ‘मुलाला रक्त चढवले होते’ एवढीच माहिती म्हणूनच पुरेशी ठरत नाही. कोणता घटक, किती मिलिलीटर आणि कोणत्या तारखेला दिला, हे रुग्णालयातून मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावरून लसीकरण करणाऱ्या डॉक्टरांना कळावे लागते.

प्रतीक्षा सर्वांत लांबते ती कावासाकी आजारात. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 मध्ये वर्णन केलेला हा आजार प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होतो. त्यात अनेक दिवस टिकणारा ताप, लाल डोळे, लालभडक ओठ व जीभ आणि अंगावर पुरळ ही लक्षणे दिसतात आणि उपचार न झाल्यास हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना फुगवटे येण्याचा धोका असतो. किलोमागे 2 ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन एकाच वेळी, सुमारे दहा ते बारा तासांत शिरेतून देणे हा त्याचा प्रस्थापित उपचार आहे. चौदा महिने वयाच्या आणि 10 किलो वजनाच्या एका मुलाला 10 जानेवारीला असा उपचार मिळाला, असे समजावे. त्याच्या शरीरात एकूण 20 ग्रॅम, म्हणजे किलोमागे 2000 मिलिग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन गेले. महिन्याअखेर 1000, मग 500, मग 250, असे हे प्रमाण उतरत गेले, तरी सहा महिन्यांनंतरही किलोमागे सुमारे 31 मिलिग्रॅम शिल्लक राहतात आणि ते 1 मिलिग्रॅमच्या आसपास येण्यास अकरा महिने लागतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळायची गोवर-रुबेला लसीची दुसरी मात्रा या मुलाला 10 डिसेंबरनंतर, पंचवीस महिने पूर्ण झाल्यावर मिळेल आणि कांजिण्यांची लसही तोपर्यंत थांबेल. याच काळात येणारी डांग्या खोकला, घटसर्प व धनुर्वात यांवरील बूस्टर मात्रा मात्र इम्युनोग्लोब्युलिनमुळे पुढे ढकलण्याचे कारण नाही, कारण त्या लसीला शरीरात वाढण्याची गरजच नसते.

ही मुदत पाळली गेली नाही, तर मुलाला सहसा अपाय होत नाही. लस वाया जाते आणि नेमके हेच लक्षात येत नाही. ताप नाही, पुरळ नाही, लसीकरण पत्रिकेवर मात्र खूण झालेली. मूल गोवराला तितकेच खुले राहते. म्हणून मुदतीच्या आत दिलेली मात्रा धरली जात नाही आणि मुदत संपल्यावर ती पुन्हा देण्याची शिफारस असते. रक्ततपासणीने खात्री करून घ्यावी, असे येथे सुचू शकते. पण ती घाईने केल्यास फसवी ठरते, कारण तपासणीत सापडलेली गोवराची प्रतिपिंडे मुलाने स्वतः तयार केलेली आहेत की दात्यांची आहेत, हे त्या अहवालावरून सांगता येत नाही. उसनी प्रतिपिंडे ओसरल्यानंतरच अशा तपासणीला अर्थ येतो.

क्रम उलटा झाला, म्हणजे आधी लस टोचली आणि मग रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन देण्याची वेळ आली, तर सीमा चौदा दिवसांची आहे. लसीतील विषाणू वाढून प्रतिकारसंस्थेचे काम मार्गी लागण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्याआधी प्रतिपिंडे शिरली, तर ही प्रक्रिया अर्ध्यावर तुटू शकते आणि मात्रा योग्य मुदतीनंतर पुन्हा द्यावी लागते. चौदा दिवस उलटून गेले असतील, तर ती ग्राह्य धरतात. तातडीचे रक्त किंवा औषध लसीसाठी रोखले जात नाही, हे मात्र निर्विवाद आहे.

हा नियम सर्व जिवंत लसींना लागू नाही. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ व रोटाव्हायरस लसी आतड्यात वाढतात, बीसीजीचे कार्य मुख्यतः पेशींच्या प्रतिकारावर चालते, आणि या लसींसाठी थांबण्याची शिफारस नाही. गालगुंड व कांजिण्यांच्या लसींना नेमका किती अडथळा होतो हे गोवराइतके मोजलेले नाही. सावधगिरी म्हणून त्यांनाही गोवराचीच मुदत लावली जाते.

मुदत मोडण्याचे रास्त प्रसंगही आहेत. परिसरात गोवराची साथ असेल, तर कावासाकीतून बरे झालेल्या मुलालाही लवकर लस देता येते, कारण थोडासा प्रतिसाद मिळाला तरी तो उपयोगी पडतो. मात्र अकरा महिन्यांनंतर ती मात्रा पुन्हा द्यावी लागते. आरएच-निगेटिव्ह मातेला प्रसूतीनंतर अँटी-डी इंजेक्शन दिले जाते आणि तेही इम्युनोग्लोब्युलिनच असते. तरीही तिला रुबेलाची प्रतिकारशक्ती नसल्यास लस त्याच वेळी देण्याची शिफारस आहे, कारण पुढील गर्भारपणाआधी तिला संरक्षण मिळणे अधिक निकडीचे असते. लस लागू पडली की नाही, हे किमान तीन महिन्यांनी रक्त तपासून पाहिले जाते.

या आकड्यांना मर्यादाही आहेत. जपानमध्ये किलोमागे 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रेनंतर सहा महिने थांबण्याची पद्धत आहे, अमेरिकेत कावासाकीच्या उपचारानंतर अकरा महिने. कोष्टक हे मोजमाप व अंदाज यांच्या संयोगातून आले असल्यामुळे असा फरक संभवतो. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर काही आठवड्यांनी लाल पेशी द्याव्या लागतात आणि त्यांच्यात तीन महिन्यांची सलग मोकळीक कधी येतच नाही. अशा मुलाचे निदान लवकर झाले आणि वय बसत असेल, तर पहिल्या रक्तसंक्रमणाच्या निदान दोन आठवडे आधी लस देऊन घेणे सोयीचे. ती संधी हुकल्यास लसीची वेळ आणि नंतरची तपासणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्या मुलापुरती ठरवावी लागते. प्रतिकारसंस्थाच दुर्बल असलेल्या मुलांना जिवंत लस द्यावी की नाही, हा यापेक्षा वेगळा प्रश्न असून त्याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.