निर्णय कोणाचा? स्क्रम गाइड, २०१० ते २०२०

केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये स्क्रमची जाहीर मांडणी केली, पण तिचे नियम सांगणारी ‘स्क्रम गाइड’ ही पुस्तिका २०१० मध्ये आली. प्रमाणपत्र परीक्षांतले ‘हा निर्णय कोणाचा?’ या धाटणीचे प्रश्न तिच्यावरच बेतलेले असतात. पुढच्या दहा वर्षांत पुस्तिका अनेकदा सुधारली गेली आणि काही प्रश्नांची उत्तरेही बदलली.

पहिला मोठा बदल २०११ चा. स्प्रिंटमध्ये निवडलेले सगळे काम पुरे करण्याची हमी डेव्हलपमेंट टीम देते, ही समजूत तेव्हा मोडीत निघाली. निवडलेले काम म्हणजे टीमचा अंदाज ठरला. त्यामुळे स्प्रिंट चालू असताना कामाच्या आवाक्याबद्दल पुन्हा बोलायला जागा राहिली.

परीक्षेत नेमकी हीच जागा विचारली जाते. समजा, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचे उद्दिष्ट ‘ग्राहकाला कार्डाने पैसे भरता यावेत’ असे आहे. पाचव्या दिवशी विक्री विभागाचे प्रमुख थेट एका डेव्हलपरकडे जाऊन तातडीचा अहवाल मागतात. अशा वेळी स्क्रम मास्टरने मागणी फेटाळावी, हा पर्याय बरोबर वाटतो, आणि बरेच उमेदवार तिथेच फसतात. मागणी जाते प्रॉडक्ट ओनरकडे, कारण प्रॉडक्ट बॅकलॉगचा क्रम त्याच्या हाती असतो. अहवाल याच स्प्रिंटमध्ये घ्यायचा का, हे तो डेव्हलपर्सशी बोलून ठरवतो. उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल मात्र करता येत नाही, आणि स्प्रिंट बॅकलॉगमध्ये डेव्हलपर्सना डावलून कोणीही काम घुसवू शकत नाही. आता प्रश्न किंचित बदलला आणि कंपनीने कार्डाची सोयच रद्द केली, तर उद्दिष्ट कालबाह्य होते. मग स्प्रिंट थांबवण्याचा अधिकार एकट्या प्रॉडक्ट ओनरचा. इतरांनी कितीही आग्रह धरला तरी निर्णय त्याचाच.

डेली स्क्रमबाबतही असाच गोंधळ होतो. पंधरा मिनिटांची ही बैठक डेव्हलपर्सची असते. ती होते आहे ना, हे स्क्रम मास्टर पाहतो, पण ती चालवणे त्याचे काम नव्हे. ‘काल काय केले’ पासून सुरू होणारे तीन ठरावीक प्रश्न २०२० च्या आवृत्तीतून वगळले गेले.

त्याच आवृत्तीने ‘डेव्हलपमेंट टीम’ ही वेगळी चौकट काढून सगळ्यांची मिळून एकच स्क्रम टीम मानली. त्याचा परिणाम ‘डेफिनिशन ऑफ डन’ वर दिसतो. संस्थेचा प्रमाण निकष नसेल तर २०१७ च्या आवृत्तीनुसार ती डेव्हलपमेंट टीमने ठरवायची होती. २०२० पासून ती संपूर्ण स्क्रम टीम ठरवते आणि डेव्हलपर्सना ती पाळावी लागते. कामाच्या आकाराचा अंदाज मात्र ते काम करणारे डेव्हलपर्सच देतात. प्रॉडक्ट ओनर त्यांना पर्याय समजावून देऊ शकतो, पण आकडा त्यांचाच राहतो.