चार प्रकारचा कचरा आणि एक घंटागाडी

घरगुती कचऱ्याविषयी नगरपालिका किंवा महानगरपालिका जी जाहीर सूचना काढते, तिच्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेला मजकूर एकत्र असतो. कचरा किती प्रकारांत वेगळा करायचा हे केंद्र सरकारचे नियम ठरवतात. गाडी कधी येणार, शुल्क किती आणि दंड किती, हे स्थानिक संस्था आपल्या उपविधींतून ठरवते. त्यामुळे पुण्याची सूचना आणि शेजारच्या तालुक्याच्या गावातली सूचना वेळा व रकमा यांत वेगळ्या असल्या, तरी वर्गीकरणाच्या परिच्छेदात सारख्याच असायला हव्यात.

हा परिच्छेद आता बदलला आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातला कचरा तीन प्रकारांत विभागला होता: ओला, सुका आणि घरगुती घातक. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार प्रकार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सूचनेत हा बदल एका ओळीत उरकलेला असतो, म्हणून तो वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्षात सगळ्या सूचनेत सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

जुन्या नियमांनुसार वापरलेले पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे होते. सुका कचरा मात्र यंत्र निवडत नाही. तो निवडतात कचरावेचक, त्यांतल्या बहुतेक स्त्रिया, आणि तोही हातांनी. पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या करताना गुंडाळी सुटली की पॅड त्यांच्या हाती येणार, हे ठरलेलेच होते. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेबरोबर करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. याच पुण्यात ‘लाल ठिपक्या’ची मोहीम चालवली गेली. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वर लाल रंगाचा मोठा ठिपका काढायचा, एवढीच तिची मागणी. पुडी न उघडताच आत काय आहे ते कळते आणि ती थेट बाजूला ठेवता येते. नव्या नियमांतला चौथा डबा हीच गरज कायद्याच्या भाषेत मांडतो. पुडी प्लास्टिकच्या काळ्या पिशवीत टाकून गाठ मारणे हा सोय म्हणून रुळलेला प्रकार घातक आहे, कारण आत काय आहे हे पाहायला पिशवी फाडावीच लागते.

विशेष काळजीच्या कचऱ्यात बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे अशा वस्तू येतात. त्या रोजच्या गाडीत टाकायच्या नसून ठरवलेल्या संकलन केंद्रावर किंवा अधिकृत संस्थेकडे द्यायच्या असतात. म्हणून सूचनेत त्या केंद्राचा पत्ता आहे का, हे पाहावे. पत्ता नसेल तर नागरिकाला पाळता न येणारा नियम त्याच्यावर लादला गेला आहे, आणि त्याबद्दल प्रभाग कार्यालयात विचारणा करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. घरात इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर सुया झाकण असलेल्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवाव्यात. सुक्या पिशवीत सुटी पडलेली सुई निवडणाऱ्या बाईच्या बोटात जाते.

ओला आणि सुका हा भेद सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागचे कारण सूचनेत नसते. ओल्या कचऱ्याचे खत होते ते जिवाणूंमुळे, आणि त्यांना ओलावा व हवा दोन्ही लागतात. ढिगात साधारण निम्मे ते साठ टक्के पाणी असले आणि हवा खेळती राहिली की तो आतून तापतो आणि काही आठवड्यांत काळसर, मातीच्या वासाचा होतो. त्यात प्लास्टिकची पिशवी आली की तिच्याखाली हवा कोंडते, तेवढा भाग कुजतो आणि नाकाला झोंबणारा वास सुटतो. काचेचा प्रश्न वेगळा आहे. तयार खत बारीक चाळणीतून काढतात, पण फुटलेल्या काचेचे कण खताबरोबर चाळणीतून खाली उतरतात आणि मग ते खत शेतकरी घेत नाही. याउलट सुक्या कचऱ्याला ओल्याचा स्पर्श झाला की त्याची किंमत जाते. आमटी सांडलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. दुधाची पिशवी आतून विसळून, वाळवून टाकली तर ती विकली जाते. न विसळता टाकली तर दोन दिवसांत पूर्ण पिशवीला वास येतो आणि सगळाच माल कचराभूमीकडे जातो.

एका चारजणांच्या घरातला दिवसभराचा कचरा समोर घेतला तर बहुतेक प्रश्न सुटतात. भाजीची देठे, चहाचा चोथा, उरलेले पोहे, अंड्याची टरफले, माशाचे काटे, देवाची वाळलेली फुले हे सगळे ओल्यात. हाराचा दोरा मात्र काढून सुक्यात. चहाच्या पिशवीची पिन आणि कागदी लेबल वेगळे. दुधाची पिशवी, बिस्किटांचे चमकदार वेष्टन, फळांच्या रसाचे पुठ्ठ्याचे खोके, थर्माकोल, जुनी चप्पल, केरातली धूळ आणि केस सुक्यात. नारळाच्या करवंटीवर वाद होतो. ती कुजते, पण इतक्या हळू की ओल्याच्या ढिगात ती अख्खी राहते. काही पालिका ती ओल्यात घेतात, काही सुक्यात, आणि इथे आपल्या सूचनेतला शब्दच प्रमाण मानावा. घरातल्या बांधकामाचा राडारोडा आणि बागेतल्या फांद्या या चारही डब्यांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी पालिकेला वेगळी मागणी नोंदवावी लागते.

आता वेळा. ओला कचरा रोज उचलणे भाग असते, कारण आपल्या हवेत अन्न एका दिवसात आंबते, पाणी सुटते आणि डास-माश्या जमतात. सुका कचरा टिकतो, म्हणून अनेक ठिकाणी तो आठवड्यातले ठरावीक दिवसच घेतला जातो. ही वाराची ओळ दुर्लक्षित राहिली की कचऱ्याचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. सुक्याचा वार नसताना कोणी सुकी पिशवी पुढे केली तर कामगार ती नाकारतो किंवा ओल्याच्या कप्प्यात टाकतो. पहिल्या वेळी भांडण होते आणि दुसऱ्या वेळी नियम मोडतो.

सूचनेत ‘सकाळी सात ते अकरा’ असे लिहिलेले असले, तरी एका गल्लीसाठी ती चार तासांची वेळ नसते. घंटागाडीचा मार्ग आखलेला असतो आणि भरलेली गाडी हस्तांतरण केंद्रावर रिकामी करून पुढची फेरी सुरू होते. पहिल्या फेरीत येणारी गल्ली सव्वासातला संपते आणि तिसऱ्या फेरीतली दहानंतर लागते. म्हणून आपली गल्ली कोणत्या फेरीत आहे हे गाडीवरच्या मुकादमाला विचारून घेणे सर्वांत उपयोगी. गाडी निघून गेल्यावर पिशवी कोपऱ्यावर ठेवली, तर वर्गीकरण कितीही नीट केलेले असले तरी तो सार्वजनिक जागी कचरा टाकण्याचा गुन्हा ठरतो. 

दंडाचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपविधींत प्रत्येक चुकीला वेगळी रक्कम असते आणि पुन्हा चूक झाली की ती वाढते. पुण्यात अनेक वर्षे चाललेल्या दरांनुसार घराने कचरा वेगळा न दिल्यास पहिल्यांदा 60 रुपये, दुसऱ्यांदा 120 आणि त्यानंतर दर वेळी 180 रुपये. रस्त्यावर कचरा टाकल्यास पहिल्याच वेळी 180 रुपये. मोठ्या कचरा उत्पादकाने स्वतःच्या ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया केली नाही तर मात्र पहिल्यांदाच 5,000, मग 10,000 आणि 15,000 रुपये. घराच्या आणि सोसायटीच्या दंडातली ही दरी सहजासहजी लक्षात येत नाही.

ती कोणाला लागू होते हे एका साध्या हिशेबाने कळते. दिवसाला सरासरी 100 किलो कचरा निघणारी जागा ही मोठी उत्पादक मानली जाते. एका माणसामागे 400 ग्रॅम कचरा धरला, तर चारजणांच्या घरातून 1.6 किलो निघतो. साठ सदनिकांच्या सोसायटीतून 96 किलो, म्हणजे ती सीमेच्या आत. शेजारची पासष्ट सदनिकांची सोसायटी 104 किलोवर जाते आणि तिला आवारात खतनिर्मितीची सोय पाहावी लागते. नव्या नियमांत आणखी दोन निकष आले आहेत. 20,000 चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्र असले, किंवा दिवसाला 40,000 लिटर किंवा अधिक पाणी वापरले जात असले, तरी ती जागा मोठी उत्पादक ठरते. म्हणून सोसायटीच्या कार्यकारिणीने आठवडाभर कचरा तोलून वहीत नोंदवावा. अंदाजावर विसंबलेल्या सोसायटीपुढे दंडाची पावती येते तेव्हा तिच्याजवळ दाखवायला काहीच नसते.

दंड घेण्याचा अधिकार आरोग्य निरीक्षकासारख्या नेमलेल्या अधिकाऱ्याला असतो, गाडीवरच्या कामगाराला नाही. कामगार मिसळलेला कचरा नाकारू शकतो, पैसे मागू शकत नाही. दंड दिला की त्याची पावती घ्यावी आणि तिच्यावर कोणत्या चुकीसाठी, कोणत्या उपविधीखाली ही रक्कम घेतली ते लिहिलेले असावे. दंड आणि वापर शुल्क या दोन वेगळ्या रकमा आहेत. शुल्क सेवेचे असते. काही ठिकाणी ते मालमत्ता कराच्या बिलात येते, तर पुण्यात ‘स्वच्छ’चे कचरावेचक जिथे येतात तिथे ते दर महिन्याला त्यांच्या हाती दिले जाते आणि ते त्यांच्या उत्पन्नाचा भाग असते. शुल्क चुकवले तर त्याचा फटका थेट त्या बाईला बसतो.

सूचनेचा उलटा भाग, म्हणजे पालिकेची स्वतःची जबाबदारी, छापील कागदावर क्वचितच असते. घराने चारही प्रकार वेगळे दिले आणि गाडीत ते एकाच टाकीत ओतले गेले, तर सगळे कष्ट फुकट जातात आणि दोन महिन्यांत ती गल्ली पुन्हा एकच पिशवी देऊ लागते. याची तपासणी दारातूनच करता येते. गाडीला मधोमध पडदी आहे का, ओल्याच्या भागातून पाणी निथळून रस्त्यावर येते का, सॅनिटरी पुड्यांसाठी वेगळा डबा लटकवलेला आहे का, हे पाहावे. पडदी असून दोन्ही बाजू सारख्याच दिसत असतील, तर गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि आवक क्रमांक घ्यावा. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. 2016 च्या नियमांतच आणखी एक तरतूद होती: 100 हून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा असेल तर किमान तीन कामकाजी दिवस आधी पालिकेला कळवणे आणि जागेवर कचऱ्याचे वर्गीकरण करणे आयोजकाचे काम. लग्न, मुंज, गल्लीतला गणपती यांच्या आदल्या दिवशी जाग येते आणि मग पत्रावळी, प्लास्टिकचे पेले व उरलेले अन्न एकाच ढिगात जाते. कार्यालय ठरवतानाच हा अर्ज दिला, तर गाडीची जादा फेरी मागता येते.