३.१४ च्या पोटातले २२/७

शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना कधी π = २२/७ घ्यायला सांगतात, कधी ३.१४. दोन्ही एकच, असं समजून आपण पुढे जातो. ते एकच नाहीत, पण एकातून दुसरं निघतं. त्यासाठी पूर्णांक बाजूला काढायचा आणि जे उरेल त्याने १ ला भागायचं, एवढंच पुन्हा पुन्हा करावं लागतं.

३.१४ मधून ३ बाजूला ठेवले, उरले ०.१४. त्याने १ ला भागलं की येतात ५०/७, म्हणजे ७ पूर्णांक १/७. हे ७ ही बाजूला ठेवले, उरला १/७. त्याने १ ला भागलं की नेमके ७ येतात. बाकी शून्य, काम संपलं. बाजूला जमले ३, ७, ७. अशा साखळीला परंपरित अपूर्णांक म्हणतात.

आता साखळी उलट जोडू. पहिले दोनच आकडे घेतले तर ३ + १/७, म्हणजे २२/७. तिन्ही घेतले तर ३ + ७/५०, म्हणजे १५७/५०. हे तर ३.१४ च झालं! २२/७ आणि ३.१४ यांत फरक १/३५० चा. छेद ७ किंवा त्याहून लहान ठेवायचा असेल, तर ३.१४ च्या याहून जवळ जाणारा अपूर्णांक नाही.

साध्या कॅल्क्युलेटरवर मात्र जपून. तो ०.१४२८५७१ पाशी थांबतो, त्यामुळे शेवटी ७ ऐवजी ७.०००००२१ असं काही दिसतं. तसंच पुढे रेटलं तर पुढचा आकडा लाखांत येतो. असा राक्षसी आकडा अचानक उगवला, की बहुतेक वेळा साखळी आधीच संपलेली असते आणि पुढचा सगळा कचरा असतो.

शेवटच्या कडीवर एरवीही फार भरवसा ठेवू नये. π ची खरी साखळी ३, ७, १५, १, २९२ अशी जाते. ३.१४ मधलं दुसरं ७ π चं नाहीच. दोन दशांश स्थळांनंतर आपण कात्री चालवली, त्याची ती खूण. ती टाकून मिळालेले २२/७ तर ३.१४ पेक्षा π च्या जवळ आहेत: पहिल्याची चूक सुमारे ०.००१३, दुसऱ्याची ०.००१६.

इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि तो ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असंही नोंदवलं. भागाकार केला तर ३.१४१६. याची साखळी ३, ७, १६, ११. शेवटचे ११ टाका, येतात ३५५/११३. π पासून ३.१४१६ जितके दूर, त्याच्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतकेच हे दूर आहेत.