दाखल्यावरची १ जून आणि अंकशास्त्रातला मूलांक

महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एखाद्या कट्ट्यावर वाढदिवस विचारले, तर १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा कानावर येते. त्या दिवशी जन्म जास्त झाले म्हणून नव्हे. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीत घ्यायला मुलाचं वय पूर्ण भरलेलं लागायचं आणि घरात जन्माची लेखी नोंद क्वचितच असायची. मग मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते पाहून गुरुजी वयाचा अंदाज बांधायचे आणि त्या हिशेबाने १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळेच्या जनरल रजिस्टरात गेलेली ती तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर, नोकरीच्या सेवापुस्तकात आणि शेवटी आधार कार्डावर चढली. माणूस मात्र आषाढात जन्मलेला असायचा, नाहीतर मार्गशीर्षात.

अशी व्यक्ती अंकशास्त्राकडे वळली की पहिल्याच पायरीला अडते, कारण तिथे सगळा हिशेब जन्मतारखेवर उभा आहे. जन्माच्या दिवसाचे अंक एका आकड्यापर्यंत मिळवले की मूलांक मिळतो. दिवस, महिना आणि वर्ष यांचे सगळे अंक मिळवले की भाग्यांक येतो. एक ते नऊ या अंकांना ग्रह वाटून दिलेले आहेत: एकाला सूर्य, दोनाला चंद्र, तिनाला गुरू, सहाला शुक्र, आठाला शनी. भारतात आज चालणाऱ्या या पद्धतीवर कीरो या नावाने प्रसिद्ध झालेल्या आयरिश भविष्यवेत्त्याच्या पुस्तकांचा मोठा ठसा आहे. इथल्या अंकशास्त्र्यांनी त्यात राहू आणि केतू आणून बसवले, पण पाया तोच राहिला. माणूस ज्या दिवशी जन्मला त्या दिवसाचा अंक त्याच्यासोबत आयुष्यभर राहतो, हे या शास्त्राचं मूळ गृहीतक आहे.

या गृहीतकातच उत्तर आहे. अंकशास्त्र मानायचं असेल तर खरी तारीखच धरावी लागते. काही जण सांगतात की दाखल्यावरची तारीख चाळीस-पन्नास वर्षं सह्याशिक्क्यांनिशी वापरली गेली, त्यामुळे तिचाच प्रभाव लागू झाला. हे म्हणणं त्या शास्त्राच्या आतूनही टिकत नाही. तसं असेल तर लिपिकाने नोंद दुरुस्त केली की त्या दुपारपासून माणसाचा मूलांक बदलला पाहिजे. शिवाय १ जून लिहिलेली अख्खी पिढी मूलांक एकची, म्हणजे सूर्याची ठरेल. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट शाळेचं वेळापत्रक ही आहे. नामांकाचा मुद्दा वेगळा, कारण नाव माणसाला दिलंच जातं आणि ते बदललं की नामांक बदलतो, हे अंकशास्त्रही मान्य करतं. जन्माचा दिवस तसा बदलता येत नाही.

किती फरक पडतो ते एका उदाहरणातून पाहू. समजा, पुण्यातल्या एका मुलीचा जन्म पानशेतच्या पुराच्या आठवड्यात झाला. धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, बुधवारी. आई सांगत आली की पूर बुधवारी आला आणि पोर शनिवारी झाली. म्हणजे तारीख १५ जुलै १९६१. दिवसाचे अंक १ + ५, म्हणून मूलांक ६. पूर्ण तारखेची बेरीज १ + ५ + ७ + १ + ९ + ६ + १ = ३०, म्हणून भाग्यांक ३. जून १९६७ मध्ये शाळेत घालताना तिला सहा वर्षं पूर्ण व्हायला दीड महिना कमी पडत होता. वर्ष वाया जाऊ नये म्हणून दाखल्यावर १ जून १९६१ पडली. त्या तारखेचा मूलांक १ आणि भाग्यांक १ + ६ + १ + ९ + ६ + १ = २४, म्हणजे ६. खऱ्या तारखेने ती शुक्र आणि गुरूची, दाखल्याने सूर्य आणि शुक्राची. दीड महिन्याच्या सोयीने दोन्ही अंक बदलले.

प्रत्येक चूक मात्र सारखी नसते. कुठला भाग चुकला आहे ते आधी पाहावं. माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचा वाद देशभर गाजला, तो एका वर्षाच्या फरकावरून. लष्कराच्याच एका शाखेत त्यांची जन्मतारीख १० मे १९५० होती, दुसऱ्या शाखेत १० मे १९५१. शाळेच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर १९५१ होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि सरकारदरबारी १९५० कायम राहिलं. अंकशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर दोन्ही तारखांचा मूलांक एकच, कारण दिवस दहाच आहे. भाग्यांक मात्र १९५० धरलं तर ३ आणि १९५१ धरलं तर ४. म्हणजे ज्याच्या दाखल्यावर फक्त वर्ष चुकलं आहे, त्याचा मूलांक सुरक्षित असतो. १ जूनवाल्यांचं तसं नाही, कारण तिथे दिवस आणि महिना हेच अंदाजाने घातलेले असतात.

मग खरी तारीख शोधायची कुठे? लोकांना वाटतं त्याहून जास्त जागा आहेत. गावपातळीवर जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये होत. विदर्भात त्यांना कोतवाल बुक म्हणतात. जुनी पुस्तकं बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडतात. शहरात नगरपालिकेची जन्मनोंदवही असते. या नोंदी वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे जन्माची तारीख आणि नोंद केल्याची तारीख वेगवेगळ्या असतात आणि उतारा घेताना दुसरीच उचलली जाते. गोव्यातल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही हाच धोका असतो. दुसरं म्हणजे बाळाचं नाव ठेवण्याआधी नोंद झालेली असल्याने तिथे फक्त बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच सापडतं. अशा वेळी सगळ्या भावंडांच्या नोंदी क्रमाने लावून आपली कोणती ते ठरवावं लागतं.

कागद नसेल तर पत्रिका. जुन्या पत्रिकेत शके, महिना, तिथी, वार आणि नक्षत्र असतं. इंग्रजी तारीख असेलच असं नाही. ती काढायला त्याच वर्षाचं पंचांग लागतं, यंदाचं नव्हे. तिथीने वाढदिवस करणाऱ्या घरांत ही चूक हमखास होते. रामनवमीला जन्म झाला म्हणून यंदाच्या रामनवमीची तारीख धरली जाते. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते आणि साधारण १९ वर्षांनी पुन्हा त्याच तारखेच्या आसपास फिरते. काढलेली तारीख बरोबर आहे का, याची परीक्षा वारावर होते. पत्रिकेत गुरुवार लिहिला आहे आणि काढलेल्या तारखेला मंगळवार येतो, तर कुठेतरी चुकलं आहे. आईच्या किंवा आत्याच्या आठवणीचंही असंच. तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही. वार आणि त्या दिवसांतली मोठी घटना राहते, आणि ती दोन्ही मिळाली तर तारीख पक्की करता येते.

एक अडचण मात्र खरी तारीख सापडल्यावरही उरते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. त्या पहाटे भूकंपानंतर थोड्याच वेळात बाळ जन्मलं असेल, तर इंग्रजी कॅलेंडरने तो सोमवार, ११ तारीख. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून घरात सांगणार, ‘रविवारी रात्री झाला.’ ११ धरली तर मूलांक २, १० धरली तर १. मध्यरात्रीनंतरचा जन्म कुठल्या दिवसात मोजायचा यावर अंकशास्त्र्यांमध्ये एकमत नाही. काही जण सूर्योदयापूर्वीचा जन्म आदल्या दिवसात धरतात. पण हे सगळे आकडेच इंग्रजी तारखेचे आहेत, आणि ती तारीख मध्यरात्रीला बदलते. महिना आणि वर्ष इंग्रजी घ्यायचं आणि दिवस तेवढा पंचांगाचा, ही सरमिसळ पटण्यासारखी नाही. त्या बाळाची तारीख ११ धरणंच सुसंगत आहे.

यात एक मोह सगळ्यांना होतो. दोन्ही तारखांची वर्णनं वाचायची आणि ‘माझ्या स्वभावाशी जुळते ती खरी’ म्हणायचं. ही कसोटी चालत नाही, आणि त्याचं कारण मानसशास्त्रात नोंदलेलं आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा म्हणून एक अहवाल दिला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. अहवाल सगळ्यांना एकच दिलेला होता, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. म्हणून मूलांक एकचं ‘स्वाभिमानी, पुढाकार घेणारा’ हे वर्णन १ जूनवाल्याला पटतं, यावरून तारखेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अंकांवरून स्वभाव किंवा भविष्य कळतं याला वैज्ञानिक पुरावा नाही, हेही इथेच स्पष्ट म्हटलं पाहिजे. श्रद्धेने किंवा कुतूहलाने पाहणाऱ्याने निदान आकडा तरी खोटा घेऊ नये.

शोधूनही तारीख मिळाली नाही, तर? मग प्रामाणिक अंकशास्त्र्याने मूलांक काढता येत नाही असं सांगावं आणि हवं तर नामांकापुरतं बोलावं. महिना आणि वर्ष ठाऊक असून दिवस माहीत नसेल तरीही मूलांक निघत नाही, कारण तो फक्त दिवसावरच ठरतो. दाखल्याची तारीख घेऊन रत्न सुचवणारा किंवा मोबाइलचा नंबर बदलायला लावणारा माणूस ज्या आकड्यावर पैसे घेतो, तो गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेला असतो.

खरी तारीख सापडली म्हणून कागद बदलायच्या मागे लागण्याचंही कारण नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकराला सेवापुस्तकातली जन्मतारीख दुरुस्त करायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि पुरावाही तसाच भक्कम लागतो. पेन्शन, विमा, पासपोर्ट, बँक या सगळ्यांना एकच तारीख हवी असते, आणि अंकशास्त्रासाठी त्यातली एक बदलली तर बाकीच्यांशी मेळ बसत नाही. दाखल्याची तारीख तिथेच चालू द्यावी. खरी तारीख वेगळी लिहून ठेवावी, सोबत ती कशावरून ठरवली तेही: नमुना १४ चा उतारा, पत्रिकेतली तिथी, आईने सांगितलेला वार.

नव्या पिढीपुढे हा प्रश्न जवळजवळ येणार नाही. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्म प्रमाणपत्रच जन्मतारखेचा पुरावा आहे. त्यांच्या बाबतीत पालकांनी प्रमाणपत्रावरची तारीख आणि दवाखान्याच्या कागदावरची जन्मवेळ एकदा ताडून पाहावी, विशेषतः जन्म मध्यरात्रीच्या आसपास झाला असेल तर.